पंचवीस अंशांची प्लेट

बोदवडला मे महिन्यात २५ अंश तापमान हवं असेल तर ते विजेच्या बिलातून विकत घ्यावं लागतं. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी बीओडी इन्क्युबेटर आहे. तो गरम करतो तसा थंडही करतो, आणि उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो. बुरशीच्या पुस्तकांत कॉर्नमील अगारची प्लेट 'रूम टेंपरेचरला ठेवा' असं सरळ लिहिलेलं असतं. ज्यांच्या खोल्या बारा महिने २२ ते २५ अंशांवर असतात, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. खानदेशातली खोली दुपारी दोनला ४० च्या आसपास गेलेली असते आणि त्या तापमानात कँडिडा अल्बिकन्स आपली ओळखीची खूण दाखवतच नाही.

यीस्टची ओळख पटवायला आम्ही तीन गोष्टी वापरतो: जर्म ट्यूब टेस्ट, क्रोमोजेनिक अगार आणि कॉर्नमील. तिन्ही जुन्या, स्वस्त आणि तालुक्याच्या गावी जमण्यासारख्या आहेत. प्रत्येकीचं तापमान वेगळं, वेळ वेगळी आणि खोटं बोलण्याची रीतही वेगळी. म्हणून एकीवर विसंबून नाव लिहायचं नाही, हे मी धुळ्याला शिकत असतानाच मनाशी पक्कं केलं होतं. ते का, हे एका नमुन्यावरून सांगते.

गावातल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी व्हजायनल स्वॉब पाठवला होता. बाई चाळिशीतली, जिनिंगमध्ये कामाला, डायबेटिस असलेली. खाज आणि पांढरं जाणं वर्षभरात तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी फ्लुकोनॅझोलची १५० मिलीग्रॅमची एक कॅप्सूल घेतली, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा सुरू. चिठ्ठीवर मॅडमनी लिहिलं होतं, 'ताई, नुसतं यीस्ट लिहून पाठवू नका, कोणतं ते सांगा.' ही मागणी रास्त होती. 'यीस्ट सेल्स सीन' एवढं वाचून डॉक्टरच्या हाती काही पडत नाही, कारण एका यीस्टला जे औषध लागू पडतं त्याला दुसरं फारशी दाद देत नाही.

दोन स्वॉब होते. एकाचा ग्रॅम स्मिअर केला. काही फील्डमध्ये कळ्या फुटलेले यीस्ट आणि त्यांच्यासोबत लांब धागे दिसले. बऱ्याच फील्डमध्ये मात्र बारीक, एकसारखे, धाग्याविना पसरलेले यीस्ट होते. एकाच स्लाइडवर असे दोन आकार दिसले की मी सावध होते. दुसरा स्वॉब क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या सॅबुरोवर फिरवला आणि त्याच वेळी क्रोमोजेनिक प्लेटवरही. बऱ्याच ठिकाणी आधी सॅबुरोवर वाढवतात आणि त्यातली एक कॉलनी उचलून क्रोमोजेनिकवर लावतात. त्यात या प्लेटचा निम्मा उपयोग वाया जातो. सॅबुरोवर सगळ्या कँडिडा पांढऱ्या, मऊ, लोण्याच्या गोळ्यागत दिसतात. दोन जाती एकत्र असल्या तर तिथे डोळ्याला कळत नाही. उचललेली एक कॉलनी एकच जात पुढे नेते, आणि दुसरी तिथेच राहून जाते.

क्रोमोजेनिक अगारची कल्पना साधी आहे. त्यात असे पदार्थ घातलेले असतात की यीस्टच्या एका एन्झाइमने ते तोडले तर एक रंग सुटतो, दुसऱ्याने तोडले तर दुसरा. अल्बिकन्सकडे हेक्सोसॅमिनिडेज जोरात असतं, म्हणून तिची कॉलनी हिरवी होते. ट्रॉपिकॅलिस निळी होते आणि तिच्याभोवती अगारमध्ये जांभळट वलय उतरतं. क्रुसाय गुलाबी, कोरडी, खरखरीत आणि कडेला पसरलेली. फ्रँक ऑड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या प्लेटवरचं काम प्रसिद्ध केलं तेव्हा या तीन जातींबद्दलच छातीठोकपणे सांगितलं होतं. आजही माझा त्या तिघींवरच विश्वास आहे. बाकीच्या फिकट गुलाबी, मळकट पांढऱ्या, जांभळट अशा छटांच्या गर्दीत येतात आणि त्या छटा कंपनीगणिक, बॅचगणिक बदलतात. एका कंपनीच्या प्लेटवर जांभळट दिसणारी ग्लाब्राटा दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर जवळपास पांढरी दिसू शकते. म्हणून आमच्याकडे नवीन डबा उघडला की ओळखीचे स्ट्रेन लावून त्या डब्याच्या छटा आधी वहीत उतरवतो. छापील तक्ता त्यानंतर.

रंग वाचायचा तो ४८ तासांनी. चोवीस तासांनी प्लेट बाहेर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण कॉलन्या आलेल्या असतात. पण तेव्हा अल्बिकन्सचा हिरवा कोवळा आणि ट्रॉपिकॅलिसचा निळा अर्धवट असतो आणि दोन्ही एकमेकांच्या जवळ जातात. प्लेट अंधारात ठेवावी लागते, कारण उजेडाने रंगद्रव्य बिघडतं. आणखी एक: रंग ट्यूबलाइटच्या पिवळ्या पडलेल्या उजेडात वाचायचा नाही. मी प्लेट खिडकीशी नेते, खाली पांढरा कागद धरते आणि शेजारी कंट्रोलची प्लेट ठेवते.

या बाईची प्लेट ४८ तासांनी उघडली तेव्हा दोन रंग होते. हिरव्या कॉलन्या थोड्या, मोठ्या. त्यांच्यामध्ये भरपूर लहान, चकचकीत, फिकट जांभळट कॉलन्या. सॅबुरोच्या प्लेटवर तेच सगळं निव्वळ पांढरं होतं. तिथून कोणी कॉलनी उचलली असती तर अल्बिकन्स हाती लागणं किंवा न लागणं हा नशिबाचा भाग होता. दोन्ही रंगांची एकेक सुटी कॉलनी वेगवेगळ्या सॅबुरोवर शुद्ध केली आणि २४ तासांच्या ताज्या वाढीवर जर्म ट्यूब लावली.

जर्म ट्यूब ही १९५६ साली रेनॉल्ड्स आणि ब्रॉड यांनी दाखवलेली गोष्ट. अल्बिकन्सला सिरममध्ये ३७ अंशांवर ठेवलं की दोन ते तीन तासांत तिच्या पेशीतून एक सरळ नळी बाहेर पडते. करायला सोपं आहे: लहान ट्यूबमध्ये अर्धा मिली सिरम, कॉलनीला लूपच्या टोकाने नुसता स्पर्श, ढवळून सिरम जेमतेम गढूळ होईल इतकंच. इथेच नवीन मुलं जास्त माल उचलतात. जास्त यीस्ट पडलं की नळ्या फुटायच्या थांबतात आणि खरी अल्बिकन्स निगेटिव्ह निघते. कमी लावलं तर चार फील्ड जास्त शोधावी लागतात, एवढंच नुकसान.

सिरमचाही प्रश्न असतो. पूर्वी लॅबमध्ये उरलेल्या नमुन्यांतलं सिरम एकत्र करून वापरायचे. त्यात संसर्गाचा धोका आहेच, शिवाय कोणत्या पेशंटच्या सिरममध्ये कोणतं औषध आहे ते आपल्याला माहीत नसतं. पेशंट बुरशीविरोधी औषधावर असला तर नळ्या फुटत नाहीत. आम्ही फीटल बोव्हाइन सिरम आणतो, अर्ध्या-अर्ध्या मिलीचे भाग करून गोठवतो आणि लागेल तेवढेच काढतो. रोजच्या कामाला दोन ट्यूब कंट्रोलच्या जोडतो, एक अल्बिकन्सची आणि एक ट्रॉपिकॅलिसची. अल्बिकन्सच्या ट्यूबमध्ये नळी नसेल तर त्या दिवशीचा एकही निगेटिव्ह निकाल मी लिहीत नाही.

उन्हाळ्यात या टेस्टलाही झळ बसते. वॉटर बाथमध्ये नुसता हीटर असतो. त्याला पाणी तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली ४० ला गेली की ३७ वर लावलेला काटा नावापुरता उरतो आणि ट्यूब खोलीच्याच तापमानात उभी राहते. म्हणून एप्रिल-मेमध्ये जर्म ट्यूब सकाळी आठला लावायची असा आमचा नियम आहे. साडेदहापर्यंत वाचून होते आणि तोवर पाण्यातला थर्मामीटर ३७ वर राहतो. तो थर्मामीटर बाथच्या काट्यापेक्षा वेगळा, पाण्यात सोडलेला असावा लागतो.

अडीच तासांनी एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आधी टेन-एक्स आणि मग फोर्टी-एक्स. पाहायची ती नळीची मुळाशी असलेली जागा. खरी जर्म ट्यूब पेशीतून निघते तिथे आकसलेली नसते. तिच्या दोन्ही कडा समांतर जातात, जाडी पेशीच्या साधारण निम्मी आणि लांबी पेशीच्या तीन-चारपट. ट्रॉपिकॅलिसही लांबुडकं काहीतरी बाहेर काढते, पण ती कळी लांबलेली असते आणि मुळाशी भुईमुगाच्या शेंगेच्या कंबरेसारखी चिमटलेली दिसते. ट्यूब तीन तासांहून जास्त राहिली तर या लांबलेल्या कळ्या वाढत जातात आणि घाईत त्या जर्म ट्यूब वाटतात. तेव्हा तीन तासांची मर्यादा पाळायची ती ट्रॉपिकॅलिसपासून वाचण्यासाठी. आपल्या देशात तर ती फारच पाळावी लागते. भारतातल्या २७ आयसीयूंमध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात रक्तातल्या कँडिडाच्या १४०० रुग्णांमध्ये ट्रॉपिकॅलिस सुमारे ४२ टक्के निघाली आणि अल्बिकन्स सुमारे २१ टक्के. म्हणजे आपल्याकडे रक्तातून आलेलं यीस्ट बहुतेक वेळा जर्म ट्यूब निगेटिव्हच असणार. परदेशी पुस्तकं वाचून 'निगेटिव्ह म्हणजे दुर्मीळ काहीतरी' अशी समजूत झाली असेल, तर ती इथे लागू नाही.

आमच्या बाईच्या हिरव्या कॉलनीने सरळ, समांतर नळ्या दाखवल्या. जांभळट कॉलनीच्या ट्यूबमध्ये नुसते गोल-लांबट बारीक यीस्ट, एकही नळी नाही.

इथवर येऊन बरेचजण थांबतात. हिरवी कॉलनी आणि जर्म ट्यूब पॉझिटिव्ह म्हटल्यावर अल्बिकन्स लिहायला खरं तर हरकत नाही. फक्त डब्लिनिएन्सिस ही तिची जुळी बहीण, जी १९९५ साली डब्लिनमध्ये वेगळी ओळखली गेली, तीही नळ्या काढते आणि तिचा हिरवा रंगही बराच जवळचा असतो. ती ४५ अंशांवर सहसा वाढत नाही, अल्बिकन्स वाढते, त्यावरून अंदाज येतो. पण जांभळट कॉलनीला 'जर्म ट्यूब निगेटिव्ह' यापलीकडे काहीच नाव मिळालेलं नव्हतं. निगेटिव्ह हे नाव नव्हे. ते नाव शोधायला कॉर्नमील.

कॉर्नमील अगार म्हणजे मक्याच्या पिठाचं पाणी आणि अगार. मका आपल्याकडे घरोघरी पिकतो, त्यामुळे तयार पावडर संपली की मी हे हाताने करते. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम पीठ, ६० अंशांवर तासभर, मग मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचं, पाणी पुन्हा लिटरभर करायचं, त्यात २० ग्रॅम अगार आणि १० मिली ट्वीन ८० घालून १५ पौंडांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. गाळणं नीट झालं नाही तर पिठाचे कण प्लेटमध्ये राहतात आणि मायक्रोस्कोपखाली यीस्टच्या झुपक्यांसारखे दिसून फसवतात. साखर अजिबात घालायची नाही. या प्लेटचा सगळा जीव तिच्या गरिबीत आहे. खायला मुबलक मिळालं तर यीस्ट नुसतं कळ्या काढत बसतं. उपाशी ठेवलं, वरून ट्वीनने पृष्ठताण कमी केला आणि हवा कमी केली की ते धागे सोडतं आणि आपला खरा आकार दाखवतं. बाजारात डेक्स्ट्रोज घातलेलं कॉर्नमीलही मिळतं, ते ट्रायकोफायटनचा रंग पाहण्यासाठी असतं. आपल्या कामाचं नाही. बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचलेलं बरं.

लावण्याची रीत डॅल्मोची. ताज्या वाढीतून सुईच्या टोकावर थोडंसं घ्यायचं, अगारवर एक रेघ ओढायची, मग तिला आडव्या तीन-चार रेघा, उथळ, अगार फाटणार नाही अशा. मधोमध ज्योतीवरून फिरवून गार केलेली कव्हरस्लिप ठेवायची. तिच्याखाली हवा कमी पोचते आणि धागे तिच्या कडेलगत सर्वांत चांगले येतात. प्लेट २५ अंशांवर ठेवायची, ४८ आणि ७२ तासांनी झाकण काढून थेट मायक्रोस्कोपच्या स्टेजवर ठेवून वाचायची, आधी टेन-एक्सने कव्हरस्लिपची कड शोधून.

आता तापमान. अल्बिकन्स या प्लेटवर धाग्यांच्या टोकांना मोठे, गोल, जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोअर धरते. एकदा पाहिले की विसरत नाहीत. पण ते २२ ते २६ अंशांवर येतात. ३० च्या वर कमी होत जातात आणि ३७ ला जवळपास येतच नाहीत. बोदवडला लाइट गेली की बीओडीचं तापमान चढू लागतं. दार बंद ठेवलं तर तास-दीड तास निभतं, त्यापुढे आतला थर्मामीटर पाहावा लागतो. म्हणून प्रत्येक फेरीत ओळखीच्या अल्बिकन्सची प्लेट त्याच फळीवर ठेवते. तिच्यावर क्लॅमिडोस्पोअर दिसले तर तापमान चाललं असं समजायचं. दिसले नाहीत तर शेजारच्या पेशंटच्या प्लेटवर नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती फेरी पुन्हा लावायची.

त्या आठवड्यात कंट्रोल चांगला आला. हिरव्या कॉलनीच्या प्लेटवर लांब धागे, धाग्यांच्या सांध्यांवर गोल कळ्यांचे घट्ट झुपके आणि टोकांना क्लॅमिडोस्पोअर. अल्बिकन्स. जांभळट कॉलनीच्या प्लेटवर ७२ तासांनीही धागा नव्हता. रेघेवर दाटीने पडलेले लहान, अंडाकृती यीस्ट, कव्हरस्लिपखालीही तसेच, फक्त कळ्या. ट्रॉपिकॅलिस असती तर लांब धागे आणि त्यांच्या बाजूंना विरळ, एकेकट्या कळ्या दिसल्या असत्या. पॅराप्सिलोसिस असती तर आखूड, वाकडे धागे आणि मधूनच जाडजूड नळकांडी. क्रुसाय असती तर लांबोळक्या कळ्या, मोडक्या फांद्यांची रास. इथे यातलं काही नव्हतं. पेशी लहान, धागा शून्य, रंग जांभळट, जर्म ट्यूब निगेटिव्ह, ही ग्लाब्राटाची ठेवण. ट्रेहॅलोजची झटपट टेस्टही त्याच बाजूने गेली.

मॅडमना रिपोर्ट गेला तो दोन ओळींचा: कँडिडा अल्बिकन्स, आणि तिच्याहून जास्त प्रमाणात कँडिडा ग्लाब्राटा. आधीच्या दोन वेळचा इतिहास त्याने उलगडला. फ्लुकोनॅझोलची कॅप्सूल अल्बिकन्सला दाबत होती, बाईला आठवडाभर बरं वाटत होतं, आणि त्या औषधाला कमी दाद देणारी ग्लाब्राटा मागे राहत होती. औषध काय बदलायचं हा मॅडमचा प्रांत, त्यांनी तो सांभाळला आणि साखरेकडेही लक्ष दिलं. मला समाधान एवढंच की पहिल्या दिवशी स्वॉब थेट रंगीत प्लेटवर गेला होता.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहायला हवी. धागा नाही, नळी नाही, रंग फिकट जांभळट-गुलाबी, हे सगळं वर्णन जसंच्या तसं कँडिडा ऑरिसलाही लागू पडतं. ती २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णन झाली, भारतातून २०१३ पासून तिच्या रक्तसंसर्गाच्या नोंदी येऊ लागल्या, आणि वर म्हटलेल्या आयसीयूंच्या अभ्यासात ती सुमारे पाच टक्के होती. साध्या क्रोमोजेनिक प्लेटवर तिचा स्वतःचा म्हणावा असा रंग नाही. तिच्यासाठी वेगळी प्लेट निघाली आहे, त्यावर ती फिकट निळी येते. ती ४२ अंशांवर वाढते हा दिलासा वाटतो, पण ग्लाब्राटाही ४२ ला वाढू शकते, त्यामुळे तेवढ्याने सुटका होत नाही. म्हणजे जिथे सर्वांत जास्त जपायला हवं तिथेच या तीन चाचण्या गप्प राहतात.

तेव्हा नमुना कुठून आला हे मी प्लेटइतकंच वाचते. कधी दवाखान्यात भरती न झालेल्या बाईचा स्वॉब असेल तर ही ठेवण ग्लाब्राटाच समजण्यात धोका कमी आहे. तीच ठेवण रक्तातून, आयसीयूतल्या पेशंटच्या लघवीतून, सेंट्रल लाइनच्या टोकावरून आली तर मी नाव लिहीत नाही. 'यीस्ट, अल्बिकन्स नाही, ओळख निश्चित करण्यासाठी पुढे पाठवत आहोत' असं लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते, म्हणजे तोवर पेशंटला वेगळं ठेवायचं की नाही ते त्यांना ठरवता येतं. शुद्ध कॉलनी सॅबुरोच्या स्लँटवर, स्क्रूकॅप घट्ट, बाहेरून दुसरा डबा, आणि सोबत एक कागद: नमुना, तारीख, क्रोमोजेनिकवरचा रंग आणि तास, जर्म ट्यूबचा निकाल, कॉर्नमीलवर धागा होता की नाही आणि कंट्रोल कसा होता. ज्या मेडिकल कॉलेजात मॅल्डी-टॉफ आहे तिथे ते यीस्ट काही मिनिटांत नावासकट कळतं. अवघड असेल तर चंदीगडच्या पीजीआयपर्यंत जातं. कागदावरचा शेवटचा रकाना, कंट्रोलचा, मी कधी रिकामा सोडत नाही, कारण तिकडे बसलेल्या माणसाला 'धागा नाही' या माझ्या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा ते त्यावरूनच ठरवायचं असतं.